समुद्राचा सी-सॉ, पॉझिटिव्ह डायपोल आणि आमची ऑक्टोबर छाटणी

सावळजचा_बागायतदार · २ सप्टेंबर २०२३, रात्री ९.४०

मंडळी, एका नेमक्या निर्णयासाठी हा धागा काढत आहे. माझ्याकडे दोन एकर सोनाका आणि दीड एकर थॉमसन अशी साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. हवामान खात्याने परवाच सांगितले की यंदाचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला आणि देशभर तूट ३६ टक्के राहिली. आमच्याकडे तर तो पावसाळ्याचा महिना होता असे वाटलेच नाही.

मी पैसे भरून ज्या खाजगी सल्ला गटाचे संदेश घेतो, त्यांचा काल असा संदेश आला की हिंद महासागरातला डायपोल पॉझिटिव्ह होत आहे, २०१९ सालीही तो असाच होता, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये जोरदार पाऊस होणार आणि फळछाटणी १० ऑक्टोबरनंतरच घ्यावी. २०१९ मला चांगले आठवते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटणी घेतली, पोंगा फुटायला आणि पाऊस लागायला एकच गाठ पडली, डावणीने पानामागे पांढरी बुरशी धरली आणि निघालेले घड डोळ्यांदेखत जिरले. बोर्डो मारायला ट्रॅक्टर बागेत घालावा तर चाक रुतत होते.

पण यंदा उलटी अडचणही आहे. छाटणी उशिरा घेतली तर माल मार्चपर्यंत वेलीवर राहील, आणि विहिरीचा आजचा रंग पाहता फेब्रुवारीनंतर पाणी कोठून आणायचे हा प्रश्न आहे. म्हणून जाणकारांना विचारतो की हा डायपोल म्हणजे नेमके काय, आणि त्याच्या भरवशावर छाटणीची तारीख पुढे ढकलावी इतके वजन त्याला आहे का?

माणदेशी_मास्तर · २ सप्टेंबर २०२३, रात्री १०.२५

यात अवघड असे काही नाही. मुलांच्या बागेत सी-सॉ असतो, एक टोक वर गेले की दुसरे खाली येते, तसाच हा समुद्राचा सी-सॉ आहे. आफ्रिकेकडचा समुद्र तापून सुमात्रा-जावाकडच्या समुद्रापेक्षा गरम झाला की डायपोल पॉझिटिव्ह. मग आपल्या अरबी समुद्रावरून जास्त वाफ उठते आणि आपल्याला जास्त पाऊस मिळतो. उलट झाले की निगेटिव्ह, आणि मग दुष्काळ. १९९७ साली केवढा मोठा एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागर तापून आपला पाऊस घटवणारी स्थिती, तरी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला, तो या डायपोलमुळेच. २०१९ साली तर ११० टक्के. तेव्हा दादा, संदेश बरोबर आहे, छाटणी पुढे ढकला. आमच्या दहिवडीकडे परतीचा पाऊस हाच खरा पाऊस, त्यामुळे आम्ही तर डायपोलकडे डोळे लावून बसलो आहोत.

कृष्णाकाठ · २ सप्टेंबर २०२३, रात्री ११.०५

म्हणजे पुन्हा महापूर येणार का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. आमच्या गावभागातल्या घरात माळ्यावर चढवलेला संसारसुद्धा भिजला. डायपोल तेव्हासारखाच असेल तर आत्ताच सामान हलवावे लागेल. कोयनेतून किती विसर्ग करणार आणि अलमट्टीत किती पाणी अडवणार, याची माहिती कोणाकडे आहे का?

सावळजचा_बागायतदार · ३ सप्टेंबर २०२३, सकाळी ६.५०

काका, माझा प्रश्न पुराचा नाही, ऑक्टोबरचा आहे. कोयना यंदा पूर्ण भरते की नाही हीच चिंता चालली आहे. पण तुमच्या प्रश्नालाही कोणी उत्तर दिले तर वाचायला आवडेल.

सागरिका_कराड · ३ सप्टेंबर २०२३, दुपारी ३.१५

मी मूळची कराडची. समुद्र आणि मान्सून यांच्या अभ्यासात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मास्तरांची सी-सॉची उपमा चांगली आहे, पण तिच्यातली एक गोष्ट दुरुस्त केली नाही तर पुढचे सगळे हिशेब चुकतील.

पश्चिमेचे पाणी पूर्वेपेक्षा गरम व्हावे लागते, असे नाही. ऑगस्टमध्ये पूर्वेकडे, म्हणजे सुमात्रा-जावाच्या बाजूला, पाणी एरवी २८ अंशांच्या आसपास असते. पश्चिमेकडे सोमालियाच्या किनाऱ्यावर मान्सूनचे जोरदार वारे खालचे गार पाणी वर काढतात, त्यामुळे तिकडचे पाणी तुलनेने गारच असते. डायपोल मोजताना प्रत्येक टोक स्वतःच्याच नेहमीच्या तापमानापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते पाहतात आणि मग त्या दोन फरकांची वजाबाकी करतात. समजा पश्चिमेचा चौकोन आपल्या सरासरीपेक्षा ०.५ अंशाने गरम आहे आणि पूर्वेचा ०.६ अंशाने गार आहे, तर निर्देशांक अधिक १.१ झाला. ऑस्ट्रेलियाचे हवामान खाते अधिक ०.४ च्या वर काही आठवडे टिकले तर पॉझिटिव्ह मानते.

आता दुसरे उदाहरण घ्या. पश्चिम ०.७ ने गरम आहे आणि पूर्व अगदी नेहमीसारखी आहे. निर्देशांक अधिक ०.७ आला, बातमी पॉझिटिव्हची झाली, पण सी-सॉ हललाच नाही, कारण एकच टोक वर गेले. पश्चिम हिंद महासागर गेल्या शतकभर तापतच आला आहे, त्यामुळे असे फसवे आकडे दिसणे नवलाचे नाही. खरा डायपोल ओळखायचा तो पूर्वेच्या टोकावरून.

तिथे घडते ते असे. सुमात्रा-जावाच्या किनाऱ्यालगत आग्नेयेकडून येणारे वारे बळावतात आणि वरचे ऊबदार पाणी किनाऱ्यापासून लोटतात, त्याच्या जागी खालचे गार पाणी वर येते. पाणी गार झाले की वरचे ढग विरळ होतात. मग विषुववृत्तावर एरवी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा मंदावतो किंवा उलटा वाहू लागतो, आणि ऊबदार पाणी आफ्रिकेकडे साचते. वारा पाण्याला गार करतो आणि गार पाणी वाऱ्याला बळ देते, असे ते चक्र चालते. डिसेंबरच्या सुमारास मान्सूनचे वारे फिरले की ते मोडते. १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हे चक्र स्वतंत्रपणे मांडले आणि तेव्हापासून डायपोल हे नाव रूढ झाले.

माणदेशी_मास्तर · ३ सप्टेंबर २०२३, सायंकाळी ५.३०

ताई, दुरुस्ती मान्य. पण वाफेचे काय? पश्चिमेचा समुद्र तापला म्हणजे आपल्याला वाफ जास्त मिळणार, एवढे तरी खरे ना?

सागरिका_कराड · ३ सप्टेंबर २०२३, रात्री ९.१०

थोडे खरे आहे, पण मुख्य गोष्ट ती नाही. पावसाळ्यात ढगांचे दोन पट्टे एकमेकांशी स्पर्धा करत असतात. एक आपल्या भूमीवर, मान्सूनच्या द्रोणीलगत, आणि दुसरा विषुववृत्ताजवळ समुद्रावर, विशेषतः पूर्वेच्या ऊबदार पाण्यावर. समुद्रावरचा पट्टा जोरात असला की तिकडे हवा वर चढते आणि आपल्याकडे ती खाली बसते, म्हणजे पावसात खंड पडतो. पूर्वेचे पाणी गार झाले की तो प्रतिस्पर्धी दुबळा होतो आणि आपला पट्टा मोकळा होतो. शिवाय तिकडून विषुववृत्त ओलांडून येणारा वारा बंगालच्या उपसागराकडे अधिक बाष्प आणतो. त्यामुळे वाफेइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व हवा कोठे चढते आणि कोठे उतरते याला आहे.

यात आणखी एक मेख आहे. समुद्राचा सी-सॉ आणि ढगांचा सी-सॉ दर वेळी एकत्र हलतातच असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास दाखवले की विषुववृत्तावरचे ढग आणि वारे यांच्या हेलकाव्याचा आपल्या मान्सूनशी जवळचा संबंध आहे, आणि प्रशांत महासागराची स्थिती त्याच्यासोबत धरली तर मोठे दुष्काळ आणि मोठी अतिवृष्टीची वर्षे बरीचशी उलगडतात. नुसत्या पाण्याच्या तापमानावरून तितके उलगडत नाही. म्हणून मला कोणी निर्देशांक सांगितला की मी पहिल्यांदा विचारते की विषुववृत्तावर वारा कोणीकडून वाहतो आहे आणि सुमात्रावर ढग आहेत की ऊन.

वाईचा_वाटसरू · ४ सप्टेंबर २०२३, सकाळी १०.००

मी पेशाने हिशेबनीस आहे, त्यामुळे आकडे लावून पाहिले आणि मला हा सगळा प्रकार शंकास्पद वाटतो. २०१६ साली जोरदार निगेटिव्ह डायपोल होता, तरी देशात सरासरीच्या ९७ टक्के पाऊस झाला. २०२२ साली पुन्हा निगेटिव्ह, आणि पाऊस १०६ टक्के. २०२१ साली तो निगेटिव्हकडेच झुकलेला होता, आणि त्याच जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आंबेघर, मिरगाव या पाटण तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या आणि सांगलीला पुन्हा पूर आला. मग निगेटिव्ह म्हणजे दुष्काळ हे कसे मानायचे?

मास्तर, तुम्हाला आणखी एक विचारतो. १९९९ च्या त्या निबंधात ज्या मोठ्या पॉझिटिव्ह वर्षांची नावे आहेत, त्यांत १९७२ आहे. १९७२!

माणदेशी_मास्तर · ४ सप्टेंबर २०२३, रात्री ८.४५

हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. १९७२ साली मी चौथीत होतो. आई खडी फोडायला जायची आणि मी धाकट्या बहिणीला घेऊन तिथेच दगडाच्या ढिगाच्या सावलीत बसायचो. दुपारी सुकडी मिळायची. माणदेशात त्या वर्षाचे नाव कोणी सहज घेत नाही. ते साल डायपोलच्या भाषेत पॉझिटिव्ह होते, हे मला खरेच ठाऊक नव्हते. ताई, मग नियम काय राहिला?

सागरिका_कराड · ५ सप्टेंबर २०२३, दुपारी २.२०

वाटसरूंचे आकडे बरोबर आहेत. १९६१, १९६७, १९७२, १९८२, १९९४ आणि १९९७ ही ती सहा वर्षे. त्यांतल्या १९७२ आणि १९८२ मध्ये एल निनोही होता आणि देशात अवर्षण झाले. १९६१ आणि १९९४ मध्ये मात्र प्रशांत महासागराचा तसा मोठा अडथळा नव्हता आणि पाऊस भरपूर झाला. १९९७ मध्ये दोन्ही जोरात होते आणि पाऊस सरासरीला टेकला. त्या वर्षी डायपोलनेच वाचवले, असे अनेकजण लिहितात. त्याबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही, आणि मीही छातीठोकपणे ते म्हणणार नाही. २०२२ मध्ये एल निनोच्या उलट स्थिती, म्हणजे ला निना होता, त्यामुळे निगेटिव्ह डायपोलचे वजन त्याच्यापुढे कमी पडले.

मला वाटते, बातम्यांत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वेळेकडे. डायपोल मे-जूनमध्ये अंकुरतो आणि त्याचा भर सप्टेंबर ते नोव्हेंबरात येतो. आपला मान्सून मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा. म्हणजे पीक काढणीला येते तेव्हा हे खत पडते. १९९४ साली तो अपवादाने लवकर, जुलै-ऑगस्टमध्येच पक्का झाला होता आणि त्या वर्षी पावसाळा सरासरीच्या सुमारे ११० टक्के झाला. यंदा एप्रिलमध्ये हवामान खात्याने ९६ टक्क्यांचा अंदाज दिला तेव्हा एल निनोसमोर पॉझिटिव्ह डायपोल उभा राहील, ही अपेक्षा त्यात होती. एल निनो वेळेवर आला, डायपोल मागे राहिला, आणि ऑगस्ट कसा गेला ते आपण पाहिलेच. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये डायपोलचा अंदाजच कच्चा असतो, कारण ज्या वाऱ्यांवर तो उभा राहतो ते वारेच तेव्हा सुरू झालेले नसतात.

कृष्णाकाठ काकांच्या प्रश्नाचेही उत्तर यातच आहे. २०१९ चा पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला, तर डायपोलचा निर्देशांक शिखरावर पोचला तो ऑक्टोबरात. कृष्णेचा पूर नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर या पट्ट्यात पाच-सात दिवस कोसळणाऱ्या पावसातून येतो. तो पाऊस उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र कसे सरकते आणि पश्चिम किनाऱ्यालगतचा द्रोणीय पट्टा किती टिकतो, यावर ठरतो. डायपोल पाहून माळ्यावर सामान चढवण्याची गरज नाही. त्यासाठी पाणलोटातला रोजचा पाऊस आणि पुलावरचा आकडा पाहावा.

कृष्णाकाठ · ५ सप्टेंबर २०२३, सायंकाळी ६.१५

धन्यवाद ताई, जिवात जीव आला. तरी आमच्या घरी एक पिंप आणि दोन ट्रंका कायम माळ्यावरच असतात. आता ती सवयच झाली आहे.

सावळजचा_बागायतदार · ५ सप्टेंबर २०२३, रात्री ९.३०

ताई, तुम्ही म्हणता की भर सप्टेंबर ते नोव्हेंबरात येतो. म्हणजे तो नेमका आमच्या छाटणीवरच येतो. मग संदेश बरोबरच ठरतो की नाही? पुन्हा २०१९ होणार, असेच धरायचे का?

सागरिका_कराड · ६ सप्टेंबर २०२३, दुपारी १.०५

दादा, तुमच्या प्रश्नात दोन साखळ्या आहेत, त्या वेगळ्या करून पाहू. पहिली साखळी अशी की आज निर्देशांक वर चढतो आहे तर तो ऑक्टोबरातही पॉझिटिव्ह राहील का? ही पक्की आहे. सप्टेंबरात पूर्वेचे पाणी गार झालेले दिसले की पुढच्या दोन महिन्यांचा डायपोलचा अंदाज सहसा चुकत नाही. दुसरी साखळी अशी की तो पॉझिटिव्ह राहिला तर तुमच्या तासगावला ऑक्टोबरात पाऊस होईल का? ही कच्ची आहे, आणि संदेश पाठवणाऱ्यांनी पहिलीचा पक्केपणा दुसरीला चिकटवला आहे.

ती कच्ची का, ते सांगते. ऑक्टोबरात मान्सून माघारी फिरतो. डायपोलमुळे पश्चिम हिंद महासागरावर जे ढग वाढतात त्यांचा पहिला मोठा वाटा पूर्व आफ्रिकेला, म्हणजे केनिया, सोमालिया, इथिओपियाला मिळतो. दक्षिणेत तमिळनाडूच्या ईशान्य मान्सूनलाही पॉझिटिव्ह डायपोल साधारणपणे अनुकूल मानतात. सांगली-साताऱ्याचा पूर्व भाग या दोन्हींच्या मध्ये, काठावर पडतो. आपल्याला पाऊस मिळायचा तर अरबी समुद्रात किंवा उपसागरात एखादी प्रणाली तयार होऊन ती आपल्या जवळून जावी लागते.

२०१९ साली काय झाले ते आठवून पाहा. जून कोरडा गेला, देशात ३३ टक्के तूट होती. पुढे पाऊस वाढत गेला आणि सप्टेंबर सरासरीच्या दीडपट झाला. मान्सूनची माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली, तोवरच्या नोंदींतली ती सर्वांत उशिराची. म्हणजे तुमचा पोंगा फुटत होता तेव्हा पावसाळा अजून इथेच होता, जमीन ओली होती आणि हवेत बाष्प होते. त्यावर ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार आणि पाठोपाठ महा ही चक्रीवादळे आली. त्या वर्षी प्रशांत महासागर जवळजवळ तटस्थ होता. यंदा तिकडे एल निनो आहे, आणि जमीन ऑगस्टपासूनच तहानलेली आहे. डायपोल २०१९ सारखा असला तरी बाकीचा पट २०१९ चा नाही.

म्हणून मी असे म्हणेन की डायपोलमुळे ऑक्टोबरच्या पावसाची शक्यता थोडी वाढते, पण ज्याच्या विहिरीत पाणी नाही त्याने सगळी बाग त्या एका शक्यतेवर टाकू नये. छाटणीतले मला कळत नाही, तो निर्णय तुमचा.

वाईचा_वाटसरू · ६ सप्टेंबर २०२३, सायंकाळी ७.००

"शक्यता थोडी वाढते" हे वाक्य कोणत्याही निकालानंतर खरेच ठरते. पाऊस आला तरी खरे, नाही आला तरी खरे. शेतकऱ्याने त्याचे काय करायचे?

सागरिका_कराड · ६ सप्टेंबर २०२३, रात्री १०.४०

आक्षेप रास्त आहे. एका वर्षावरून ते वाक्य खोटे ठरवता येत नाही. अनेक वर्षांच्या हिशेबातच ते तपासता येते. आणि मोठ्या पॉझिटिव्ह डायपोलची वर्षे इतकी थोडी आहेत की तालुक्याच्या पातळीवर तो हिशेब फार पक्का होत नाही. माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही. एवढे मात्र सांगते की आठ-दहा दिवस आधीचा प्रणालींचा अंदाज हा दोन महिने आधीच्या डायपोलपेक्षा छाटणीसाठी जास्त कामाचा आहे.

सावळजचा_बागायतदार · ८ सप्टेंबर २०२३, सकाळी ७.१५

घरात बसून विचार केला. थॉमसनची दीड एकर बाग २२ सप्टेंबरच्या आसपास छाटतो आणि सोनाका ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबवतो. पाऊस आला तर थॉमसन जाईल, पाणी संपले तर सोनाका अडचणीत येईल, पण दोन्ही एकदम जाणार नाहीत. अण्णा म्हणजे वडील म्हणाले, "समुद्र दोन टोकांचा, तर बाग पण दोन टोकांची ठेव." त्यांना यातले काही समजावून सांगितले नव्हते, फक्त सी-सॉ म्हणालो होतो.

माणदेशी_मास्तर · १ ऑक्टोबर २०२३, दुपारी ४.००

पावसाळ्याचा शेवटचा आकडा आला. देशात ९४ टक्के. सप्टेंबर ११३ टक्के झाला म्हणून एवढे तरी. ताई, डायपोल सप्टेंबरात जोर धरत होता आणि सप्टेंबरच चांगला गेला, हा योगायोग म्हणायचा की परिणाम?

सागरिका_कराड · २ ऑक्टोबर २०२३, सकाळी ११.३०

मास्तर, काही अंशी परिणाम असू शकतो, पण सप्टेंबरात उपसागरात लागोपाठ कमी दाबाची क्षेत्रे झाली आणि ती आत सरकली, हे त्यामागचे जवळचे कारण आहे. त्यांना डायपोलने किती हात दिला, हे वेगळे काढून सांगता येईल असे मला आत्ता वाटत नाही.

सावळजचा_बागायतदार · ४ नोव्हेंबर २०२३, रात्री ९.००

धागा वर आणतो, कारण निकाल सांगणे बाकी आहे. ऑक्टोबर कोरडा गेला. आकाश इतके स्वच्छ होते की रात्री गारवा आणि दुपारी नुसती हीट. थॉमसनला डावणीचे एकही पान सापडले नाही, घड लांब निघाले आहेत आणि आता फुलोरा चालू आहे. सोनाका १२ ऑक्टोबरला छाटला, तोही चांगला फुटला आहे, पण विहिरीत दोन परस पाणी उरले आहे आणि शासनाने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आहे. सल्ला गटाला फोन केला, तर म्हणाले, "डायपोल तर पॉझिटिव्हच होता, आमचा अंदाज बरोबर आला."

ताई, हे काय झाले?

सागरिका_कराड · ५ नोव्हेंबर २०२३, दुपारी १२.५०

त्यांची पहिली साखळी बरोबर आली आणि दुसरी तुटली. डायपोल ऑक्टोबरात खरोखरच जोरात होता, अलीकडच्या मोठ्यांपैकी एक. पण दक्षिण भारतात ऑक्टोबरचा पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी राहिला. अरबी समुद्रात तेज नावाचे तीव्र चक्रीवादळ झाले, ते आपल्याकडे पाठ करून येमेनला गेले. आणि आता सोमालियातून पुराच्या बातम्या येऊ लागल्या आहेत. पश्चिमेच्या पारड्यातले पाणी यंदा तिकडे पडले.

२०१९ आणि २०२३, दोन्ही मोठे पॉझिटिव्ह डायपोल, आणि तुमच्या बागेत दोन अगदी वेगळे ऑक्टोबर. यंदा एल निनोने किती दाबले, मान्सून वेळेच्या आसपास परतल्याने किती फरक पडला आणि वादळाच्या वाटेचा वाटा किती, याची मांडणी अभ्यासक पुढची काही वर्षे करत राहतील.

वाईचा_वाटसरू · ५ नोव्हेंबर २०२३, सायंकाळी ६.३०

मी माझ्या वहीत २०२३ पुढे "पॉझिटिव्ह, ऑक्टोबर कोरडा" असे लिहून ठेवले आहे. ताई, तुमचे "थोडी शक्यता" वाले वाक्यही त्याखाली लिहिले आहे. पुढच्या मोठ्या डायपोलच्या वेळी दोन्ही काढून पाहू.

माणदेशी_मास्तर · ५ नोव्हेंबर २०२३, रात्री ८.१०

दादा, थॉमसनचा फुलोरा सांभाळा. डायपोल डिसेंबरपर्यंत मोडत नाही असे ताईंनीच वर लिहिले आहे, म्हणजे नोव्हेंबर अजून हातचा गेलेला नाही. आमच्याकडे ज्वारी पेरून ठेवली आहे, तिला एक पाऊस हवाच आहे. तुम्हाला नको आणि आम्हाला हवा, असा हा पाऊस.

सावळजचा_बागायतदार · ५ नोव्हेंबर २०२३, रात्री ९.२५

मास्तर, तुमच्याकडे पडू दे, फक्त वाटेत सावळजवर थांबायला नको. बोर्डोचे साहित्य शेडमध्ये आणून ठेवले आहे. सोनाक्यासाठी टँकरवाल्याशी जानेवारीपासूनचे बोलणे उद्या करतो.